विक्रीची तारीख आणि पैशाची तारीख

आज मी फळ्यावर फक्त दोन तारखा लिहिल्या आहेत: १० मार्च आणि ९ मे. पुढचा तासभर आपण या दोन तारखांच्या मधल्या साठ दिवसांबद्दल बोलणार आहोत. पहिल्या तारखेला विक्री झाली, दुसऱ्या तारखेला पैसे आले. मधल्या दिवसांत त्या विक्रीचं नेमकं काय करायचं, हा हिशेबाच्या इतिहासातला एक जुना प्रश्न आहे. त्यावरून सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं गेली आहेत, आणि या मधल्या दिवसांचाच गैरफायदा घेऊन आपल्या देशातली एक मोठी कंपनी रसातळाला गेली आहे.

आधी उदाहरण घेऊ. कोल्हापूरजवळ शिरोलीत एक छोटी फौंड्री आहे असं समजा. फौंड्री माझ्या मनातली आहे, पण अशा कितीतरी फौंड्र्या तिकडे खऱ्याच आहेत. तिच्याकडे पंपाच्या बॉडीची एक ऑर्डर आहे. फेब्रुवारीत तिने सहा लाखांचं लोखंड रोखीने घेतलं. मजुरी आणि विजेवर दोन लाख गेले. १० मार्चला माल गिऱ्हाइकाच्या कारखान्यात पोचला, त्याने तपासून ताब्यात घेतला आणि बिल झालं दहा लाखांचं. बिलाखाली अट लिहिली आहे की पैसे साठ दिवसांत द्यायचे, म्हणजे ९ मेला. आणि मध्ये येतो ३१ मार्च, आर्थिक वर्षाचा शेवट.

आता फौंड्रीचा मालक विचारतो, ‘या वर्षी मी कमावलं किती?’ याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत.

पहिलं उत्तर रोख पद्धतीचं. पैसा हातात आला की उत्पन्न, हातातून गेला की खर्च. ३१ मार्चपर्यंत आठ लाख गेले, आलं काहीच नाही. म्हणजे या ऑर्डरवर यंदा आठ लाखांचा तोटा. पुढच्या वर्षी मे महिन्यात दहा लाख येतील, तेव्हा त्या वर्षी दहा लाखांचा नफा, आणि तोही त्या वर्षी या ऑर्डरसाठी एक हातोडाही न उचलता.

दुसरं उत्तर उपार्जन पद्धतीचं. आपले सीए तिला ‘ॲक्रुअल’ म्हणतात, कोर्टाच्या निकालांत ती ‘मर्कंटाईल’ म्हणून येते. इथे प्रश्न वेगळा विचारतात. पैसा आला का, असं नाही विचारत. पैसा मागण्याचा हक्क तयार झाला का, असं विचारतात. माल दिला, समोरच्याने घेतला, किंमत ठरलेली आहे, आता त्याला नाही म्हणता येणार नाही. म्हणजे १० मार्चला हक्क तयार झाला. विक्री दहा लाख, तिच्यामागचा खर्च आठ लाख, नफा दोन लाख, आणि तो याच वर्षाचा. मे महिन्यात पैसे येतात तेव्हा नफ्यात काहीही बदल होत नाही. फक्त ‘येणे’ या खात्यातले दहा लाख तिथून उठून बँकेच्या खात्यात जाऊन बसतात.

दोन वर्षांची बेरीज केली तर दोन्ही पद्धतींत नफा दोन लाखच आहे. फरक आहे तो कोणत्या वर्षाला तो द्यायचा एवढाच. पण या ‘एवढाच’मध्ये बरंच काही दडलंय. वर्षाच्या आकड्यावर कर लागतो, बँक कर्ज देते, भागीदार वाटणी मागतात आणि शेअर बाजारात भाव ठरतो.

ही पद्धत आपल्याला परकी आहे असंही समजू नका. ‘माझ्या नावावर मांडून ठेवा’ असं आपण वाण्याला सांगतो, तेव्हा तो उधारीच्या वहीत आपल्या खात्यावर साखर नावे टाकतो. साखर त्याच्या दृष्टीने विकली गेली, पैसे यायचे आहेत. आणि तोच वाणी रात्री दुकान बंद करताना गल्ला मोजतो, तेव्हा वहीतली उधारी त्यात धरत नाही. म्हणजे वही एका पद्धतीने चालते आणि गल्ला दुसऱ्या. तो दोन्ही बघतो, म्हणून त्याचं दुकान चालतं. आजच्या व्याख्यानाचं सार खरं तर एवढंच आहे, पण ते मोठ्या मोठ्या लोकांना कसं जमलं नाही, ते आपल्याला बघायचंय.

आता सातशे वर्षं मागे जाऊ. फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांची एक पेढी होती, जोव्हान्नी फारोल्फी यांची. ती दक्षिण फ्रान्समध्ये नीम शहरात होती आणि प्रोव्हान्समधल्या सालाँ या गावी तिची शाखा होती. त्या शाखेच्या १२९९-१३०० सालच्या खतावणीचा काही भाग आज शिल्लक आहे. ती लिहिणाऱ्याचं नाव अमातिनो मानुच्ची. द्विनोंदी पद्धतीच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांमध्ये तिची गणना होते. म्हणजे लुका पाचोली यांचं छापील पुस्तक व्हेनिसमध्ये १४९४ साली आलं, त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीची ही वही.

या वहीत एक छोटीशी नोंद आहे आणि मला ती फार आवडते. शाखेने एका घराचं चार वर्षांचं भाडं आगाऊ भरलं, सोळा लिव्र. पैसे गेले ते एकदम गेले. पण वर्षअखेरीला मानुच्ची सोळाच्या सोळा खर्चात टाकत नाही. तो चार लिव्र खर्चात टाकतो आणि बारा पुढे ओढतो, कारण तीन वर्षं अजून राहायची बाकी आहेत. आपल्या फौंड्रीत माल आधी गेला आणि पैसा नंतर आला. इथे पैसा आधी गेला, उपभोग नंतर. दिशा उलटी आहे, पण तत्त्व एकच आहे: पैशाची तारीख आणि हिशेबाची तारीख वेगळी धरायची.

हे त्याला का करावंसं वाटलं असेल? विचार करा. पेढी भागीदारांची आहे, शाखा चालवणारा माणूस त्यांना उत्तर द्यायला बांधलेला आहे, आणि वर्षाचा नफा काढून त्याची वाटणी व्हायची आहे. सोळाच्या सोळा पहिल्या वर्षात घातले, तर पहिल्या वर्षीच्या वाटेकऱ्याच्या नफ्यातून दुसऱ्यांच्या तीन वर्षांचं भाडं कापलं जातं. एकट्या माणसाचा धंदा असेल तर त्याला गल्ला पुरतो. जिथे एकाचा काळ दुसऱ्याच्या काळापासून वेगळा करायचा असतो, तिथे रोखीचा हिशेब अन्याय करतो. उपार्जन पद्धत जन्माला आली ती या अन्यायावर तोड म्हणून, हे लक्षात ठेवा. तिचा पुढे कितीही गैरवापर झाला तरी तिचं मूळ प्रामाणिक आहे.

आता मानुच्चीच्या वहीतून आपण थेट मुंबईत येऊ, १९४७ सालात. कारण मधल्या काळात एक नवा वाटेकरी आला: आयकर खातं. आणि त्याने एक फार अवघड प्रश्न विचारला. हक्क वहीत लिहिला, पण पैसा पुढे आलाच नाही तर? कर द्यायचा का?

शूरजी वल्लभदास आणि कंपनी ही मुंबईची फर्म. ती दोन जहाज कंपन्यांची मॅनेजिंग एजंट होती. त्या काळी कंपनीचा सगळा कारभार अशी एजंट फर्म बघायची आणि त्याबद्दल कमिशन घ्यायची. इथे कमिशन होतं जहाजभाड्याच्या दहा टक्के. फर्मचं वर्ष एप्रिल ते मार्च. एप्रिल १९४७ पासून डिसेंबरपर्यंत फर्मने आपल्या वहीत दहा टक्क्यांनी कमिशन जमा केलं आणि जहाज कंपन्यांच्या नावे टाकलं. मग त्याच वर्षी एजन्सी दुसऱ्या दोन कंपन्यांकडे द्यायचं ठरलं, आणि त्या व्यवहारात कमिशनचा दर दहा टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आला. वाढीव कमिशन फर्मने सोडून दिलं.

आयकर अधिकारी म्हणाला, ‘तुमची पद्धत मर्कंटाईल आहे. वहीत दहा टक्के जमा दिसतंय. हक्क तयार झाला होता. नंतर सोडलं तो तुमचा प्रश्न. कर दहा टक्क्यांवर भरा.’ आता हे ऐकायला अगदी तर्कशुद्ध आहे, नाही का? उपार्जन पद्धतीचा जो नियम आपण मघाशी फौंड्रीला लावला, तोच तो लावत होता.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६२ साली निकाल लागला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी जे म्हटलं त्याचा आशय असा. आयकर हा उत्पन्नावरचा कर आहे. तो कधी लावायचा याचे दोन क्षण कायदा मानतो, हक्क तयार होण्याचा आणि पैसा मिळण्याचा. पण मुळात उत्पन्न तर हवं! उत्पन्न निर्माणच झालं नसेल, तर केवळ वहीत नोंद केली म्हणून ते होत नाही. इथे वर्ष संपायच्या आत दर बदलला होता. वहीतल्या नोंदीमागे दहा टक्क्यांचं उत्पन्न शेवटी उभंच राहिलं नाही. करदाता जिंकला.

पण इथेच थांबू नका, नाहीतर चुकीचा धडा घेऊन घरी जाल. नऊ वर्षांनी, १९७१ मध्ये, याच कोर्टापुढे मोरवी इंडस्ट्रीजचं प्रकरण आलं. तीही मॅनेजिंग एजंट, तिचंही कमिशन, तिनेही ते सोडून दिलं. तिला वाटलं असेल, आपलंही तसंच होईल. पण ती हरली. का? कारण वर्ष संपलं होतं, कमिशनचा हक्क पुरा तयार झाला होता, आणि सोडलं ते त्यानंतर. कोर्टाचं म्हणणं असं की उत्पन्न एकदा झालं ते झालं. नंतर तुम्ही औदार्य दाखवलंत म्हणून ते न झाल्यासारखं होत नाही.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की उपार्जन म्हणजे काय ते नेमकं कळतं. वहीतली नोंद म्हणजे हक्क नव्हे. नोंद हा हक्काचा पुरावा आहे आणि तो खोटा ठरू शकतो. आणि हक्क म्हणजे पैसा नव्हे. हक्क खरा असूनही पैसा बुडू शकतो, त्यासाठी बुडीत येण्याचा वेगळा हिशेब आहे. नोंद, हक्क आणि पैसा, या तीन पायऱ्या आहेत. गोंधळ होतो तो यातली एखादी पायरी गाळून उडी मारली की. फौंड्रीला नुसती ऑर्डर मिळाली आणि मालकाने ती फेब्रुवारीतच विक्री म्हणून लिहिली, तर ती बाजारातली तूर आहे. माल ओतायचाच आहे अजून.

आता तिसरी गोष्ट. इथे नोंदीमागे हक्कच नव्हता, आणि तसं करणाऱ्यांना ते ठाऊक होतं.

७ जानेवारी २००९. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला एक पत्र लिहिलं. ते पत्र सार्वजनिक झालं आणि आपल्यापैकी अनेकांना तो दिवस आठवत असेल. वाघावर स्वार झालोय आणि खाली उतरलो तर तो खाईल, अशी उपमा त्यांनी वापरली होती, ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण मला त्या उपमेपेक्षा पत्राच्या सुरुवातीचे आकडे महत्त्वाचे वाटतात.

राजू यांनी लिहिलं की ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात ५,३६१ कोटींची रोख आणि बँक शिल्लक दाखवली आहे, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. येणं २,६५१ कोटी दाखवलंय, त्यात ४९० कोटी फुगवलेले आहेत. शिवाय ३७६ कोटींचं उपार्जित व्याज दाखवलंय, तेही खोटं. म्हणजे बँकेत नसलेल्या ठेवींवर ‘यायचं आहे’ असं व्याजही वहीत चढत होतं. आणि त्या तिमाहीची विक्री दाखवली २,७०० कोटी, खरी होती २,११२ कोटी.

आता या आकड्यांकडे हिशेबनिसाच्या नजरेने बघा. आपल्याला नेहमी सांगतात की विक्री खोटी असेल तर येणं फुगत जातं, कारण खोट्या गिऱ्हाइकाकडून पैसा येणार कुठून? म्हणून एक सोपी चाचणी आहे. येणं भागिले विक्री, गुणिले दिवस. समजा एखाद्या कंपनीची वर्षाची विक्री शंभर कोटी आणि येणं वीस कोटी. म्हणजे पैसे यायला सरासरी ७३ दिवस लागतात. पुढच्या वर्षी विक्री एकशेवीस झाली आणि येणं चाळीस. आता लागतात जवळजवळ १२२ दिवस. विक्री वीस टक्क्यांनी वाढली, येणं दुप्पट झालं. इथे कान टवकारायचे. एकतर गिऱ्हाइकं पैसे देईनाशी झाली आहेत, किंवा वर्षअखेरीला माल त्यांच्या गळ्यात मारलाय, किंवा विक्री झालेलीच नाही.

ही चाचणी चांगली आहे, रोजच्या उपयोगाची आहे. पण सत्यमला ती लावून बघा. दाखवलेले आकडे घ्या: तिमाहीची विक्री २,७००, येणं २,६५१. म्हणजे साधारण नव्वद दिवस. आता राजू यांनी पत्रात सांगितलेले खरे आकडे घ्या: विक्री २,११२, येणं २,१६१. म्हणजे चौऱ्याण्णव दिवस. खोट्या हिशेबात वसुली खऱ्यापेक्षा जरा चांगलीच दिसत होती! चाचणी लावणारा माणूस निर्धास्त होऊन झोपला असता.

हे कसं जमलं? अमेरिकेच्या शेअर बाजार नियंत्रकाने, म्हणजे एसईसीने, २०११ मध्ये जे मांडलं त्यावरून ते कळतं. सहा हजारांहून जास्त खोटी बिलं तयार केली गेली होती आणि त्यांच्या जोडीला बँकेची खोटी स्टेटमेंट्स होती. म्हणजे बिलावर गोष्ट थांबली नाही. खोट्या गिऱ्हाइकाचं येणं फार दिवस वहीत ठेवता येत नाही. ते जुनं होतं, लेखापरीक्षक विचारतो की नव्वद दिवस झाले, एकशेऐंशी झाले, पैसे कुठे आहेत. म्हणून ते येणं ‘वसूल’ करावं लागतं. खोट्या बिलाचे पैसे खोट्या बँक खात्यात आले असं दाखवायचं. ४९० कोटींचं खोटं येणं आणि ५,०४० कोटींची खोटी रोख यांतला फरक इथून आलाय. जुनी खोटी बिलं पिकून रोख झाली होती, ताजी तेवढी येण्यात उरली होती.

उपार्जन पद्धतीला एक नैसर्गिक लगाम आहे, तो म्हणजे काळ. आज ‘येणे’ म्हणून लिहिलेली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी पैसा व्हावी लागते, नाहीतर बुडीत म्हणून खोडावी लागते. सत्यममध्ये हा लगाम तोडला गेला. विक्रीच्या खोटेपणापेक्षा मला हा दुसरा खोटेपणा जास्त गंभीर वाटतो, कारण पहिला पकडायचं साधनच दुसऱ्याने निकामी केलं. रोख प्रवाहाचं विवरण बघा, असा सल्ला आपण सगळ्यांना देतो. सत्यमचं तेही विवरण त्याच खोट्या स्टेटमेंट्सवर उभं होतं.

मग पकडता आलं असतं का? आलं असतं, आणि तेही फार साध्या मार्गाने. लेखापरीक्षकाने बँकेला स्वतः पत्र लिहायचं, आणि बँकेने उत्तर थेट लेखापरीक्षकाला द्यायचं. मधे कंपनीचा हात नको. एसईसीच्या म्हणण्यानुसार सत्यमच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. शिलकेची खातरजमा करणारी पत्रं पाठवायचं आणि त्यांची उत्तरं घ्यायचं काम कंपनीच्या व्यवस्थापनाकडेच सोपवलं गेलं होतं. ज्याची झडती घ्यायची, त्याच्याच हातात चाव्या. २०१५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवलं.

आता जाता जाता आपल्या शिरोलीच्या फौंड्रीकडे परत जाऊ, कारण तिचे साठ दिवस अजून संपलेले नाहीत.

तिच्या नफा-तोटा पत्रकात दोन लाखांचा नफा आहे, आणि खिशात? जीएसटी धरून बघू. अठरा टक्के धरा. लोखंड घेताना तिने सहा लाखांवर एक लाख आठ हजार कर दिला. बिलावर तिला दहा लाखांवर एक लाख ऐंशी हजार लावावे लागले. दर महिन्याला विवरणपत्र भरत असेल तर मार्चचा कर २० एप्रिलपर्यंत भरायचा, आधी दिलेला वजा करून बहात्तर हजार. गिऱ्हाइकाने एक पैसाही दिलेला नाही. म्हणजे २० एप्रिलला फौंड्रीचे एकूण नऊ लाख ऐंशी हजार बाहेर आहेत आणि आत शून्य. ९ मेला अकरा लाख ऐंशी हजार येतील, दोन लाख सुटतील. पण आले तर. त्या तीन आठवड्यांत कामगारांचा पगार आहे, विजेचं बिल आहे, पुढच्या ऑर्डरचं लोखंड आहे. नफ्यात असलेला छोटा धंदा बंद पडतो तो अशाच दिवसांत. वही सांगते की कमावलं, आणि पगाराच्या दिवशी बँक सांगते की शिल्लक नाही.

आणि गंमत अशी की समोरचा मोठा खरेदीदार मात्र खुशाल असायचा. त्याचीही पद्धत उपार्जनाची. १० मार्चला माल घेतला की दहा लाखांची खरेदी त्याच्या खर्चात गेली, त्यावर त्याचा आयकर वाचला, पैसे मात्र अजून त्याच्याच बँकेत. एकाच बिलावर एकाला पैशाआधी कराचा बोजा आणि दुसऱ्याला पैशाआधी कराची सवलत.

कायद्याने यावर अलीकडे एक उपाय केला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे देण्याची कमाल मुदत २००६ च्या कायद्याने ठरलेलीच होती. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस, नसेल तर पंधरा. पण ती पाळली नाही तरी खरेदीदाराच्या करावर त्याचा परिणाम होत नव्हता. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकराच्या कलम ४३ब मध्ये भर घातली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे द्याल त्याच वर्षी मिळेल.

आपल्या तारखांना लावून बघा. फौंड्री नोंदणीकृत लघु उद्योग आहे असं धरा. १० मार्चपासून पंचेचाळीस दिवस म्हणजे २४ एप्रिल. बिलावर साठ दिवस लिहिले तरी कायदा पंचेचाळीसच मोजतो. खरेदीदाराने २४ एप्रिलच्या आत पैसे दिले, तर ३१ मार्च उलटला असला तरी खर्च जुन्याच वर्षात मिळतो. ९ मेला दिले, तर दहा लाखांचा खर्च एक वर्ष पुढे गेला. म्हणजे विकणाऱ्याला हक्काची तारीख आणि उशीर करणाऱ्या घेणाऱ्याला पैशाची तारीख. मानुच्चीने भाड्याचे बारा लिव्र पुढे ओढले ते न्याय व्हावा म्हणून. आज खरेदीदाराचा खर्च कायदा पुढे ओढतोय, तोही न्यायासाठीच. सातशे वर्षांनी आपण रोख पद्धतीचा एक तुकडा उचलून उपार्जन पद्धतीत परत बसवला आहे.

माझं बोलणं इथे संपवतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: मग छोट्या धंद्याने रोख पद्धतच का ठेवू नये?

उत्तर: ठेवता येते, काहींना. कंपनी असेल तर नाही. कंपनी कायद्याने उपार्जन पद्धत सक्तीची आहे. एकट्याच्या मालकीचा धंदा किंवा डॉक्टर-वकिलांसारखा व्यवसाय असेल, तर आयकर कायदा रोख किंवा मर्कंटाईल यांपैकी एक पद्धत निवडू देतो. अट एवढीच की ती नियमितपणे पाळायची. पूर्वी लोक दोन्हींची खिचडी करायचे, उत्पन्न रोखीने आणि खर्च हक्काने. १ एप्रिल १९९७ पासून ते बंद झालं. पण माझा सल्ला वेगळा आहे. वही कोणत्याही पद्धतीची असू दे, पुढच्या तीन महिन्यांचा पैसा कधी येणार आणि कधी जाणार याचा एक कागद भिंतीवर लावून ठेवा.

प्रश्न: सरकारचा हिशेब कोणत्या पद्धतीने असतो?

उत्तर: केंद्र आणि राज्य सरकारांचे हिशेब आजही मुख्यतः रोख पद्धतीचे आहेत. म्हणजे एखाद्या ठेकेदाराने मार्चमध्ये पूल बांधून दिला आणि बिल एप्रिलमध्ये चुकतं झालं, तर तो खर्च पुढच्या वर्षाचा. मार्चअखेर बिलं थोपवली की त्या वर्षीचा खर्च कमी दिसतो, तूट कमी दिसते. म्हणजे तारखांचा खेळ फक्त उपार्जन पद्धतीतच होतो असं नाही. तिथे विक्री अलीकडे ओढतात, इथे पैसे देणं पलीकडे ढकलतात. म्हणून कुठलाही वर्षाचा आकडा समोर आला की आधी विचारा, ही तारीख हक्काची की पैशाची? आणि मग दुसरी तारीख मागून घ्या.